चुंबळ, वाटी आणि ज्वारीची बाटली: सहा महिन्यांच्या बाळाचा हात आणि नजर

सरकारी वेळापत्रकाप्रमाणे १४ आठवड्यांची लस झाली की पुढची थेट नवव्या महिन्यात असते. मधले साडेपाच-पावणेसहा महिने बाळ ठणठणीत असेल तर डॉक्टरांकडे जाण्याचं कारण पडत नाही. आणि नेमक्या याच काळात ते नजरेनं वस्तू पकडायला, मग हातानं पकडायला आणि शेवटी या हातातून त्या हातात द्यायला शिकतं. माझा मुलगा सहा महिन्यांचा झाला तेव्हा मी बेळगावच्या बाजारातून पाळण्यावर फिरणारं, गाणं वाजवणारं खेळणं आणलं. तो ते टक लावून बघायचा, हात मात्र जागचे हलायचे नाहीत. त्याच्या हातांनी खरं काम केलं ते घरातल्या चार वस्तूंवर, आणि त्यातही वस्तूपेक्षा ती कुठं धरली, किती सावकाश हलवली आणि किती वेळ वाट बघितली याला जास्त महत्त्व होतं. ते सगळं क्रमानं लिहिते, म्हणजे पहिलटकरणींना माझ्यासारखं चाचपडावं लागणार नाही.

हाताशी काय हवं

- जुन्या सुती साडीची किंवा धोतराची पट्टी, सुई-दोरा
- स्टीलची सर्वांत लहान वाटी, कड आत वळवलेली
- खणाचा एक तुकडा, रंग न जाणारा
- २०० मिलीची पारदर्शक प्लास्टिकची बाटली आणि दोन मुठी ज्वारी
- जाड वाकळ किंवा सतरंजी
- स्टीलचं काठाचं ताट

विकत घ्यायचं यात जवळजवळ काहीच नाही. खणाचा तुकडा शिंप्याकडं चिंध्यांत मिळतो.

१. आधी उजेड आणि जमीन

खेळायची जागा ठरवताना खिडकी बाळाच्या पाठीमागं किंवा बाजूला येईल असं बसा. खिडकी तुमच्या पाठीमागं आली तर बाळाला तुम्ही आणि तुमच्या हातातली वस्तू दोन्ही काळ्या सावलीसारख्या दिसतात, आणि ते वस्तू सोडून उजेडाकडं बघत राहतं. खानापूरकडच्या घरांत जून ते सप्टेंबर घरात दिवसाही अंधारून असतं. तिथं दिवा लावा, पण तो बाळाच्या डोळ्यांसमोर लटकलेला नको. पावसाळ्यात फरशी गार असते म्हणून वाकळ दुहेरी अंथरा. पलंगावर खेळवू नका. या वयात बाळ एका क्षणात पालथं होतं आणि दुसऱ्या क्षणात काठावर पोचतं.

वेळ कोणती, हेही बघावं लागतं. झोप झालेली हवी, दूध पिऊन अर्धा तास उलटलेला हवा. एका वेळी पाच-सात मिनिटं आणि दिवसातून दोनदा, एवढं पुरेसं होतं. बाळ नजर फिरवू लागलं, डोळे चोळू लागलं, पाठ ताणू लागलं की त्याच क्षणी थांबा. "अजून एकदा करून बघू" म्हणत मी दोनदा ओढाताण केली, आणि दोन्ही वेळा पुढच्या दिवशी त्यानं वाटी दिसताच तोंड फिरवलं.

२. बाळाला टेकू द्या, मगच हात बघा

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. सहा महिन्यांचं बाळ बसायला लागलेलं असतं म्हणून त्याला जमिनीवर बसवतात आणि समोर खेळणी ठेवतात. पण या वयात बसलेलं बाळ दोन्ही हात पुढं टेकवून स्वतःला सावरत असतं. हात उचलला की ते कलंडतं. म्हणून ते हात उचलत नाही, आणि घरातले म्हणतात, "ह्याला खेळण्यात रसच नाही." त्याचे हात त्या वेळी खांबांचं काम करत असतात.

दोन आसनं सोपी आहेत. पहिलं: तुम्ही भिंतीला टेकून बसा, गुडघे वर घ्या, आणि बाळाला तुमच्या मांड्यांवर तुमच्याकडं तोंड करून टेकवा. आपल्याकडं आजी बाळाला पाय पसरून पायांवर न्हाऊ घालते. इथं फक्त गुडघे उभे आणि बाळाची पाठ मांड्यांना. त्याची मान आणि पाठ टेकलेली असली की दोन्ही हात मोकळे होतात आणि तुम्हाला त्याचे डोळे नीट दिसतात. नजर बघायला हेच आसन घ्या. दुसरं: मांडी घालून बाळाला पुढं बघत मांडीत बसवा, पाठ तुमच्या पोटाला, आणि तुमचा एक हात त्याच्या कमरेवर हलकासा. हातांचे खेळ यात बरे होतात.

पालथं घालून खेळणंही हवंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये लहान मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात अजून रांगू-सरकू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथं ठेवा असं सांगितलं आहे. पालथं असताना एक हात उचलून वस्तू घेणं त्याला जड जातं, म्हणून तिथं वस्तू हवेत धरण्यापेक्षा जमिनीवर, बोटांच्या अगदी पुढं ठेवा.

३. चुंबळ शिवा

डोक्यावर घागर घेताना आपण ठेवतो ती चुंबळ, तिचीच छोटी आवृत्ती. बाजारात मिळणारे खुळखुळे बहुतेक जाड दांड्याचे असतात. सहा महिन्यांचं बाळ अजून वस्तू पूर्ण तळव्यानं, सगळ्या बोटांनी मिळून धरतं. अंगठा नुकता कामाला लागलेला असतो. त्याला बारीक, मऊ आणि कुठूनही हाताला येईल असं काही हवं, आणि कडं कुठूनही धरता येतं.

सुती पट्टी घट्ट गुंडाळून तुमच्या तर्जनीएवढ्या जाडीची वळकटी करा, लांबी साधारण २४ सें.मी. दोन टोकं २ सें.मी. एकमेकांवर चढवून शिवा. आतल्या भोकातून तुमची तीन बोटं सहज जायला हवीत. सगळ्या कडेनं टाके जवळजवळ घाला आणि शेवटची गाठ कापडाच्या आत ढकला. मग टाके जोरात ओढून बघा. हे तोंडात जाणारच आहे, तर निघणारा दोरा आत्ताच निघू दे. वर खणाची पट्टी गुंडाळून शिवलीत तर अर्धी चुंबळ मऊ आणि अर्धी खणाच्या विणीची, हाताला दोन वेगळे स्पर्श. पण खणाच्या काठावर जरीकाम असेल तर तो भाग कापून टाका. जरीचे धागे सुटून बोटाला गुंडाळतात.

रंगाची परीक्षा सोपी आहे. पांढरा रुमाल ओला करून खणावर दहा-बारा वेळा घासा. रुमालावर रंग उतरला तर तो तुकडा बाळाला द्यायचा नाही. धुऊन, वाळवून पुन्हा घासा. तरी उतरला तर बाद. आमच्या वडगावच्या गल्लीत माग चालतात, सुताचे रंगीत कागदी कोन पोरांच्या हाती सहज लागतात. शेजारच्या काकूंनी मायेनं एक आणून दिला होता. बाळाच्या तोंडात दोन मिनिटांत त्याचा लगदा झाला आणि ओठ निळे. तसले कोन नकोत.

चुंबळ रोज धुऊन उन्हात वाळवा. दोन शिवून ठेवल्या तर पावसाळ्यात अडत नाही.

४. नजर: आधी मुकी वस्तू

नजरेचा खेळ आवाज करणाऱ्या वस्तूनं सुरू करू नका. खुळखुळा हलवला आणि बाळानं मान वळवली, तर ते डोळ्यांनी वळलं की कानांनी, हे तुम्हाला कळत नाही. मी पहिले आठ दिवस खुळखुळ्यानंच करत होते आणि "छान बघतो" म्हणून निर्धास्त होते. लाल चुंबळ घेऊन, तोंडानं काहीही न बोलता केलं, तेव्हा खरं चित्र दिसलं.

असं करा. बाळ मांड्यांवर टेकलेलं. चुंबळ त्याच्या नाकासमोर साधारण एक फुटावर धरा. ते बघेपर्यंत थांबा. मग मनात सावकाश पाच आकडे मोजत एका बाजूला हातभर न्या, तिथं क्षणभर थांबा, आणि तसंच मोजत मधून पलीकडच्या बाजूला न्या. तुमचं तोंड चुंबळीच्या मागं येऊ देऊ नका, नाहीतर बाळ तुमच्याकडंच बघणार. या वयात दोन्ही डोळे मिळून, मधली रेषा ओलांडून, मान फिरवत वस्तूच्या मागं जायला हवेत. नजर सुटली तर वस्तू हलवून बोलावू नका. जिथं सुटली तिथंच स्थिर धरून ठेवा, बहुतेक वेळा ती परत येते. आडवं जमलं की वर-खाली, मग मोठं गोल. वर-खाली थोडं उशिरा गुळगुळीत होतं.

त्यानंतर बाटली. ज्वारी भरण्यामागं आवाज हे दुय्यम कारण आहे. रिकामी बाटली जमिनीवर ढकलली की भुर्रकन निघून जाते, बाळाची नजर मागं राहते. पाव बाटली ज्वारी असली तर दाणे आत घरंगळत तिचा वेग खातात, ती जड चालीनं दोन-तीन फूट जाते आणि थांबते. हा वेग या वयाच्या डोळ्यांना जमतो. वाकळेवर आणखी सावकाश जाते. बाळाला मांडीत घ्या आणि दुसऱ्या कुणाला बाटली त्याच्या समोरून आडवी ढकलायला सांगा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मोठ्या भावंडांना हे काम फार आवडतं, पण ती वेगानं ढकलतात, तेव्हा "हळू की रे" म्हणत राहावं लागतं.

बाटलीच्या झाकणाला आतून चिकटद्रव्य लावून ते घट्ट बसवा आणि एक दिवस वाळू द्या. वरून चिकटपट्टी लावू नका. ती ओली झाली की सुटते आणि बाळाच्या घशात जाऊ शकते. बाटली बाळाच्या हाती खेळायला द्यायची नाहीच. ती तुमच्या हातातली वस्तू आहे, खेळ झाला की फळीवर. ज्वारीचा एक दाणा नाकात किंवा श्वासनलिकेत गेला तर काय होतं ते मी इथं रंगवून सांगत नाही.

शेवटचा प्रकार: वाटी बाळासमोर धरा, त्यानं बघितली की वाकळेवर सोडून द्या. वाकळ असली की आवाज होत नाही. सहा-सात महिन्यांत बाळ हळूहळू वस्तू जिथं पडली तिथं खाली बघायला लागतं. सुरुवातीला ते तुमच्या रिकाम्या हाताकडंच बघत राहतं, त्यात काळजीचं काही नाही. तीन-चार दिवस रोज दोनदा सोडून बघा.

५. हातात देऊ नका, समोर धरा

आपण मायेपोटी वस्तू बाळाच्या तळव्यात कोंबतो. तळव्याला काही लागलं की मूठ मिटते, पण त्यात बाळानं काहीच केलेलं नसतं. शिकणं असतं ते बघणं, अंतर मापणं, हात नेणं आणि वेळेवर मूठ उघडणं, या चार गोष्टींत. म्हणून चुंबळ त्याच्या छातीसमोर, बरोबर मधोमध, त्याचा हात पूर्ण पसरला तर पोचेल एवढ्या अंतरावर धरा आणि मनात वीस मोजा. वीस आकडे फार लांब वाटतात. मला सात-आठच्या पुढं राहवत नसे. एकदा सासूबाई पाठीमागून म्हणाल्या, "त्याचं त्याला घेऊ दे की गं, तू का घाई करतेस?" तेव्हापासून मी दुसरा हात पाठीमागं धरून बसायचे.

सुरुवातीला हात वस्तूच्या आजूबाजूला जातो, बोटं आधीच मिटतात, वस्तू निसटते. ते सगळं होऊ द्या. वीस झाले तरी हात हललाच नाही तर चुंबळ त्याच्या हाताच्या पाठीला, बोटांच्या सांध्यांना हलकेच टेकवा. तळव्याला लावू नका. पाठीला स्पर्श झाला की बहुतेक बाळं मूठ उघडून हात वळवतात.

इथं आमच्या घरची गोष्ट सांगायला हवी. मधोमध धरायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की हा प्रत्येक वेळी डावाच हात पुढं करतो. उजवा अंगालगत पडून. मुका खेळ सुरू केल्यावरही चुंबळ उजवीकडं नेली की नजर मध्यापाशी सुटायची. घरात सगळे म्हणाले, "डावखुरा होणार, आजोबांवर गेलाय." मलाही तसंच वाटलं असतं. पण वर्षाच्या आत एकच हात वापरणं हे डावखुरेपणाचं लक्षण धरायचं नसतं. हाताची आवड त्यानंतरच ठरते. आधी एकच हात पुढं येत असेल तर दुसरा का येत नाही हे डॉक्टरांकडून बघून घ्यायचं असतं.

आम्ही बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी दोन्ही हात-पाय वाकवून बघितले, मुठी उघडतात का बघितलं, मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का बघितलं, डोळ्यांत विजेरी मारली. कुठं ताठरपणा नव्हता, मान मोकळी होती. मग त्यांनी विचारलं, "पाळणा कुठं टांगलाय?" पाळणा उजवीकडून भिंतीला लागून होता. सहा महिने प्रत्येक माणूस, प्रत्येक बाटली, प्रत्येक खेळणं त्याच्याकडं डावीकडूनच आलं होतं. उजवीकडं बघायला होता फक्त भिंतीचा चुना. त्यांनी तीन आठवडे सांगितले: पाळणा हलवायची गरज नाही, बाळाचं डोकं पायांच्या जागी करा, म्हणजे भिंत डावीकडं येईल. वस्तू मधोमध किंवा किंचित उजवीकडून दाखवा. डावा हात धरून ठेवू नका, बांधू तर अजिबात नका. तीन आठवड्यांत फरक दिसला नाही तर परत या.

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. तो उजवीकडची वस्तूही डाव्या हातानंच ओढून घ्यायचा. दहाव्या दिवशी आडवी बाटली उजवीकडं जाताना नजर शेवटपर्यंत गेली. पंधराव्या दिवशी कुशीवर, डाव्या अंगावर झोपवून समोर वाटी ठेवली. डावा हात अंगाखाली होता, उजवाच मोकळा, आणि तो सावकाश आला आणि वाटीच्या कडेवर पडला. डाव्या कुशीवर ठेवायची ही युक्ती मग आम्ही रोज केली, फक्त जागेपणी आणि पाठीला माझा हात लावून. तिसऱ्या आठवड्यात मधोमध धरलेल्या चुंबळीला दोन्ही हात एकदम आले. ज्या बाळाच्या हातात खरोखर ताठरपणा असेल त्याचं असं पाळणा फिरवून होत नाही, त्याला लवकर फिजिओथेरपी लागते. म्हणून आधी दाखवा, मग खेळ.

६. दुसरी वस्तू

हात नेऊन धरणं जमलं की या वयातला सर्वांत सुंदर टप्पा येतो: एका हातातलं दुसऱ्या हातात देणं. ते आपोआप होतं, पण तुम्ही त्याला निमित्त देऊ शकता.

बाळाच्या उजव्या हातात चुंबळ असताना उजवीकडूनच, त्याच हातासमोर वाटी धरा. त्याच्यापुढं आता पेच आहे. पहिले काही दिवस ते चुंबळ सोडून वाटी घेतं. मग वाटीकडं बघत चुंबळ तोंडात धरून हात मोकळा करतं. आणि एके दिवशी चुंबळ डाव्या हाताकडं जाते, उजवा वाटी घेतो. डावीकडून वाटी दिली असती तर त्यानं डाव्या हातानं घेतली असती आणि पेचच पडला नसता. म्हणून दुसरी वस्तू भरलेल्या हाताच्या बाजूनं द्यायची. एका वेळी दोनच वस्तू. टोपलीभर खेळणी समोर ओतली की बाळ एकही नीट धरत नाही, एकावरून दुसरीवर नुसती नजर उडते.

वाटीचं वेगळं मोल आहे. ती गार लागते, चुंबळ कोमट. आणि तिची कड धरायची तर बोटं आत आणि अंगठा बाहेर ठेवावा लागतो, तळव्यात दाबून ती राहत नाही. अंगठ्याला काम लावायला मला तिच्याइतकं काही सापडलं नाही. फक्त कड बोटानं फिरवून तपासा. पातळ पत्र्याच्या स्वस्त वाट्यांची कड कापते. चमचा देऊ नका. दांडा घशात जातो, आणि बाळ पालथं पडलं तर तो आणखी आत जातो.

७. नाचणीचं ताट

उष्टावण झाल्यावर, म्हणजे सहा महिने पूर्ण होऊन वरचं अन्न सुरू केल्यावर हा खेळ करा. नाचणीचं पीठ पाण्यात शिजवून घट्टसर करा, मीठ-साखर-मध काही घालू नका. मध तर वर्षाच्या आत कधीच नाही. पूर्ण गार झालं की काठाच्या ताटात चमचाभर पसरा आणि बाळाला मांडीत घेऊन ताट पुढं ठेवा. बाळ बोटांनी खरवडल्यासारखं करेल, चारही बोटं एकदम आपल्याकडं ओढत. सहा-सात महिन्यांत लहान वस्तू घेण्याची पद्धत हीच असते, चिमटीत धरणं आणखी दोन-तीन महिन्यांनी येतं. म्हणून चिमटी येत नाही म्हणून शेंगदाणा, मणी, फुटाणे देऊन "सराव" करून घेऊ नका. नाचणीत त्याला ओढायलाही मिळतं आणि तोंडात गेलं तरी अन्नच जातं.

कोरडं पीठ मात्र खेळायला द्यायचं नाही. हात आपटला की उडतं आणि श्वासात जातं. ज्वारी, तांदूळ परातीत घालून बाळाला बसवण्याचे फोटो मोबाइलवर फिरतात, ते खेळ पुष्कळ मोठ्या मुलांचे आहेत.

८. घरोघरी दिसणारे सापळे

मनगटातली काळी मणी. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात, मी कुणाची श्रद्धा मोडायला सांगत नाही. पण सहा महिन्यांनंतर तो हात दिवसभर तोंडात असतो. दोरा तुटला तर मणी घशात. आमच्याकडं सासूबाईंनी स्वतःच ती काढून पाळण्याच्या वरच्या दांडीला, हात न पोचेल अशी बांधली.

काजळ डोळ्यांत घालू नका. काही काजळांत शिसं असतं, आणि बोटानं घालताना डोळ्याला इजा व जंतूंचा धोका असतो.

मापाची एक साधी कसोटी: अंगठा आणि तर्जनी यांची टोकं जुळवून साधारण ४ सें.मी. रुंदीचं वर्तुळ करा. त्यातून जी वस्तू पार जाते ती बाळाला नाही. दोरी लावलेलं काहीही नको. अगदीच हवी तर वितीपेक्षा आखूड. फुगा, फुटलेला किंवा फुगलेला, या वयात घरातच नको.

मोबाइलवरची हलती चित्रं दाखवून "नजर पक्की होते" असं बरेच जण सांगतात. वर सांगितलेल्या २०१९ च्या तत्त्वांत वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नका असं आहे. पडद्यावरच्या वस्तूकडं हात नेला तर हाताला काच लागते, वस्तू लागत नाही. बघणं आणि धरणं यांची जी जोडणी आपण करतोय ती तिथं होतच नाही.

खानापूरची मातीची खेळणी, गोकाकची रंगवलेली लाकडी फळं दिसायला सुरेख असतात. ती शोकेसमध्ये ठेवा. माती फुटते, रंग चाटला जातो.

९. कधी दाखवायचं आणि बरोबर काय न्यायचं

सहावा महिना पूर्ण होऊनही बाळ वस्तूकडं हात नेत नाही, मुठी सतत मिटलेल्या राहतात, एकच हात पुढं येतो, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटतं, आवाजाकडं वळत नाही, डोळा कायम तिरपा दिसतो किंवा हलत्या वस्तूमागं नजर जातच नाही, तर वाट बघू नका. बुबुळात पांढरट चमक दिसली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर वय मोजताना तेवढे आठवडे वजा करा. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ आज सहा महिन्यांचं असेल तर अपेक्षा चार महिन्यांच्या बाळाच्या ठेवायच्या.

खासगी डॉक्टर परवडत नसतील तर आशा किंवा अंगणवाडीच्या बाईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यात मुलांच्या वाढीतला विलंब तपासणंही येतं.

बरोबर न्यायचं ते एवढंच:

- तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं सरकारी आई-बाळाचं कार्ड. ते कन्नडात असतं. वाचता येत नसेल तर लाजू नका, जन्माचं वजन, तारीख आणि लशींच्या नोंदी कुठं आहेत ते आशाकडून विचारून पेन्सिलीनं बाजूला मराठीत लिहून ठेवा.
- बाळंतपणाचा डिस्चार्ज कागद.
- मोबाइलवर एक-एक मिनिटाचे दोन व्हिडिओ: मुक्या चुंबळीमागं नजर जाताना, आणि मधोमध धरलेली वस्तू घेताना. दवाखान्यात बाळ रडतं किंवा झोपतं आणि घरी जे करतं ते काहीच करत नाही. आमच्या डॉक्टरांनी तपासणीआधी व्हिडिओच बघितले होते.
- कुठल्या तारखेला काय दिसलं याच्या चार ओळी. मी कॅलेंडरवरच लिहायचे: "उजवीकडं नजर सुटली", "वाटी दोन्ही हातांनी".

आठव्या-नवव्या महिन्यात बाळ रांगायला लागलं की चुंबळीचे टाके पुन्हा ओढून तपासा, आणि ज्वारीची बाटली खालच्या फळीवरून उचलून माळ्यावर टाका. तोवर त्याला तिच्यापर्यंत पोचायची वाट सापडलेली असते.